आर्यभटाचा गोल आणि दहा चकत्या

इ. स. ४९९च्या सुमाराच्या ‘आर्यभटीय’ ग्रंथात गोलाच्या घनफळाचा एक नियम आहे. त्या श्लोकाचा रूढ अर्थ असा: वर्तुळाच्या क्षेत्रफळाला त्याच क्षेत्रफळाच्या वर्गमुळाने गुणा, म्हणजे गोलाचे घनफळ मिळेल. १० सेंटीमीटर त्रिज्येच्या गोलाला हा नियम लावून पाहिला, तर उत्तर येते ५,५६८ घन सेंटीमीटर. खरे घनफळ आहे ४,१८९. म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांशाने जास्त. सूचीचे, म्हणजे पिरॅमिडसारख्या निमुळत्या आकाराचे घनफळ तळ आणि उंची यांच्या गुणाकाराच्या निम्मे, असेही तिथेच म्हटले आहे. तेही जास्तच आहे, हवे एक-तृतीयांश.

या चुका कुठून आल्या असाव्यात, ते नियमांच्या घडणीवरून कळते. चौरसाच्या क्षेत्रफळाला त्याच्या वर्गमुळाने, म्हणजे बाजूने गुणले की घन होतो. तेच वर्तुळाला लावले. त्रिकोण हा पाया गुणिले उंचीच्या निम्मा असतो. तेच सूचीला लावले. साम्यावर विसंबून एक पायरी वर चढले की असे होते. गंमत अशी, की बरोबर उत्तर काढायला लागणारे हत्यार त्याच अध्यायात, थोडेसे पुढे आहे. १ पासून कोणत्याही संख्येपर्यंतच्या वर्गांची बेरीज कशी करायची, याचा आर्यभटाने दिलेला नियम अगदी अचूक आहे. आजच्या चिन्हांत तो असा:

1² + 2² + … + n² = n(n+1)(2n+1)/6

तो वापरून शंकू कापून पाहू. सोयीसाठी उंची १० सेंटीमीटर आणि तळाची त्रिज्याही १० घेऊ. टोक वर ठेवले, तर टोकापासून जितके सेंटीमीटर खाली उतरावे तितकीच तिथली त्रिज्या: ३ सेंटीमीटर खाली त्रिज्या ३, सात खाली सात. आता काकडीसारख्या एकेक सेंटीमीटर जाडीच्या आडव्या चकत्या करायच्या. अडचण एवढीच, की चकतीची कड तिरकी आहे, तिची त्रिज्या वर कमी आणि खाली जास्त. म्हणून एकदा सगळीकडे खालची, मोठी त्रिज्या धरू. मग प्रत्येक चकती सरळ कडांची, छोटी वृत्तचितीच झाली आणि तिचे घनफळ π गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले जाडी. बेरीज होते π गुणिले १ ते १० यांच्या वर्गांची बेरीज, म्हणजे 385π. ती शंकूपेक्षा जास्त, कारण कडा बाहेर डोकावतात. दुसऱ्यांदा वरची, लहान त्रिज्या धरू. आता ० ते ९ यांचे वर्ग येतात आणि बेरीज 285π. ती शंकूपेक्षा कमी. खरे घनफळ या दोहोंच्या मध्ये अडकले.

दोन बेरजांमधला फरक 100π, म्हणजे बरोबर तळाच्या एका चकतीएवढा. हा योगायोग नाही. पहिल्या यादीतल्या चकत्या एक घर सरकवल्या की दुसरी यादी मिळते, उरते ती फक्त सर्वांत मोठी. चकत्या कितीही करा, फरक त्या एका चकतीचाच. म्हणून चकती पातळ केली की अंतर मिटत जाते. शंभर चकत्या, प्रत्येकी एक मिलीमीटरची, केल्या तर बेरजा येतात 338.35π आणि 328.35π. हजार केल्या तर फरक उरतो फक्त 1π. प्रत्येक जोडीच्या मध्ये बसणारी संख्या एकच: 1000π/3. वृत्तचितीचे घनफळ 1000π, त्याचा तिसरा हिस्सा. हा ‘तीन’ वरच्या सूत्रातून आला: n खूप मोठा झाला की त्या बेरजेतला मुख्य भाग n³/3 असतो, बाकीचे पद त्याच्यापुढे नगण्य ठरते.

संकलनाचे चिन्ह ∫ लिहिणे म्हणजे या सगळ्या खटाटोपाला एका ओळीत बसवणे. उंची h, तळाची त्रिज्या r असेल, तर टोकापासून x अंतरावर त्रिज्या rx/h, आणि

V = ∫₀ʰ π(rx/h)² dx = πr²h/3

यात dx म्हणजे शून्य जाडीची चकती नव्हे. शून्य जाडीच्या कितीही चकत्या रचा, घनफळ शून्यच राहील. दोन्ही बाजूंनी दाबत नेल्यावर जी एक संख्या मध्ये उरते, तिला संकलन म्हणायचे. विद्यार्थ्यांची नेहमीची चूक म्हणजे त्रिज्येचा वर्ग विसरणे. ती पकडायची सोपी युक्ती म्हणजे कागदाची शंकूच्या आकाराची शेंगदाण्यांची पुडी. ती टोकापासून निम्म्या उंचीपर्यंत भरली, तर आत पुडीच्या निम्मे नव्हे, फक्त एक-अष्टमांश दाणे असतात. निम्मे दाणे हवे असतील, तर उंचीच्या सुमारे ७९ टक्क्यांपर्यंत भरावी लागते.

आता गोल. त्याची निराळी बेरीज करावीच लागत नाही, आणि मला वाटते, या विषयातला सर्वांत देखणा भाग हाच. १० सेंटीमीटर त्रिज्येचा अर्धगोल सपाट बाजूवर ठेवा. ६ सेंटीमीटर उंचीवर कापला, तर पायथागोरसच्या सिद्धांताने कापाची त्रिज्या ८ येते, क्षेत्रफळ 64π. त्याच उंचीवर वृत्तचितीचा काप 100π. वजाबाकी 36π, म्हणजे ६ त्रिज्येचे वर्तुळ. आणि टोक खाली करून उभ्या केलेल्या आपल्या त्याच शंकूचा ६ सेंटीमीटर उंचीवरचा काप नेमका हाच असतो! कोणत्याही z उंचीवर हेच घडते, कारण कापाचे क्षेत्रफळ π(100 − z²) असते. म्हणून अर्धगोल म्हणजे वृत्तचिती वजा शंकू: 1000π मधून 1000π/3 गेले, उरले 2000π/3. दुप्पट केले की पूर्ण गोल, आणि सर्वसाधारण सूत्र 4πr³/3.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) नियम बरोबर आहे: गोलाच्या पृष्ठफळाला व्यासाने गुणून सहाने भागा. पुढे सोळाव्या शतकात केरळच्या ज्येष्ठदेवाने ‘युक्तिभाषा’ या मल्याळम ग्रंथात गोलाच्या आडव्या चकत्या करून आणि वर्गांची बेरीज वापरून घनफळ सिद्ध केले. आर्यभटाच्या बेरजेला तिथे तिचे काम सापडले.

मात्र हीच युक्ती पृष्ठफळाला लावू नये. ३ त्रिज्या, ४ उंची आणि ५ तिरकस उंची असलेला शंकू घ्या. त्याच्या तिरप्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ 15π. चकत्यांच्या उभ्या कडांची बेरीज, चकत्या पातळ करत नेल्या की, 12π कडे जाते. पायऱ्यांचे आडवे पट्टे मिळवले तर आणखी 9π, आणि एकूण होते 21π. चकत्या लाखभर केल्या तरी 15π येणार नाही. घनफळात कडेची चूक एका चकतीत मावते आणि ती चकती लहान होत जाते. पृष्ठफळात चूक प्रत्येक पायरीवर त्याच प्रमाणात राहते, कारण पायरी कितीही बारीक झाली तरी ती पायरीच असते, उतार होत नाही. पृष्ठफळ हवे असेल, तर चकतीची कड तिरकीच धरून तिची तिरकस लांबी मोजावी लागते.