साठ ओहम आणि क्रमांकांची यादी

अमेरिकेत सुरू झालेल्या ‘फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन’मध्ये शाळकरी मुलं जवळपास माणसाच्या वजनाचे रोबोट बांधतात. मुंबईतले संघही त्यात उतरतात. ‘स्वर्व्ह’ पद्धतीच्या रोबोटच्या चारही कोपऱ्यांत स्वतंत्रपणे वळणारं चाक असतं. प्रत्येक चाकापाशी दोन मोटर कंट्रोलर असतात, एक चाक पळवणारा आणि एक वळवणारा. चाक नेमकं कुठल्या कोनात आहे, हे सांगणारा एन्कोडर वेगळा. अशी झाली बारा उपकरणं. रोबोट किती वळला ते मोजणारा जायरोस्कोप तेरावा.

ही सगळी मुख्य संगणकाशी, म्हणजे रोबोरिओशी, बोलतात ती एकाच पिवळ्या-हिरव्या तारांच्या जोडीवरून. बॉश कंपनीने मोटारगाड्यांसाठी 1986 मध्ये जगापुढे आणलेली ही कॅन बस. जोडी रोबोरिओपासून निघते, एकेका उपकरणाला शिवत पुढे जाते आणि वीज वाटणाऱ्या डब्यापाशी संपते. मधूनच लांब फाटे काढायचे नसतात.

या तारांवर निरोप जातो तो दोन तारांमधल्या व्होल्टेजच्या फरकातून. कुणी ‘शून्य’ पाठवलं की पिवळी साधारण साडेतीन व्होल्टवर चढते आणि हिरवी दीडवर उतरते. ‘एक’ पाठवायचा असेल तेव्हा मात्र उपकरण काहीच करत नाही, तारा नुसत्या सोडून देतं. मग त्यांना पुन्हा अडीच व्होल्टवर एकत्र कोण आणतं? तारेच्या दोन टोकांना, पिवळ्या-हिरव्याच्या मधे बसवलेले 120 ओहमचे रेझिस्टर. यालाच टर्मिनेशन म्हणतात. रेझिस्टरचं दुसरं काम म्हणजे टोकाशी पोचलेला सिग्नल जिरवणं. नाहीतर तो उलटा फिरून मागून येणाऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो. एक बिट इथे सेकंदाचा दहालाखावा भागच टिकतो, त्यामुळे तेवढी गडबडही निरोप बिघडवायला पुरते.

रोबोरिओत हा रेझिस्टर आतच असतो. वीज वाटणाऱ्या डब्यातला जंपर लावून किंवा स्विच दाबून चालू करावा लागतो. दोन्ही समांतर असल्यामुळे बॅटरी काढून मल्टिमीटरने पिवळ्या-हिरव्याच्या मधे मोजलं, तर 60 ओहमच्या आसपास आकडा यायला हवा. 40 आला तर कुठेतरी तिसरा रेझिस्टर शिरलाय. शून्याजवळ आला तर तारा एकमेकींना चिकटल्यात. 120 आला तर एकच रेझिस्टर दिसतोय.

आता पत्ते. कॅनवरचा प्रत्येक निरोप सगळ्यांनाच ऐकू जातो. कुठला कुणाचा, हे त्याच्या 29 बिटांच्या ओळखक्रमांकावरून कळतं. या स्पर्धेत त्या क्रमांकात उपकरणाचा प्रकार, उत्पादक, निरोपाचं काम आणि 0 ते 62 मधला उपकरणाचा नंबर एवढं भरलेलं असतं. दोघे एकाच वेळी बोलू लागले तर लहान ओळखक्रमांकाचा निरोप पुढे जातो, दुसरा थांबतो. पण एकाच कंपनीच्या दोन कंट्रोलरना एकच नंबर असेल, तर थांबायचं कुणी हे ठरतच नाही. दोघंही बोलत राहतात, पुढची माहिती जुळली नाही की चूक नोंदवली जाते. शिवाय एकाला दिलेला हुकूम दोघंही पाळतात. कारखान्यातून आलेल्या नव्या कंट्रोलरचा नंबर बहुधा 0 किंवा तसाच ठरलेला असतो. म्हणून एकेक जोडून नंबर बदलावा आणि लगेच त्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवावा. पहिल्या चाकाला 11, 12, 13, दुसऱ्याला 21, 22, 23, अशी चौथ्यापर्यंत मांडणी केली की नंबरावरून जागा कळते. तारही याच क्रमाने फिरवायची.

या क्रमाचा खरा उपयोग बिघाडाच्या वेळी होतो. समजा, धडक बसल्यावर रोबोटची तीन चाकं ढिम्म झाली. मीटर 120 दाखवतो. संगणकावरच्या यादीत 11, 12, 13 आहेत. 21 पासून पुढचं काहीच नाही, वीज वाटणारा डबाही नाही. म्हणजे तार 13 आणि 21 च्या मधे तुटली आहे. तिथला जोड हलकेच ओढला की वायर हातात येते. अलीकडचं चाक मात्र एकाच रेझिस्टरवर कसंबसं चालत राहतं, कारण रोबोटमधली तार आखूड असते. मीटर 120 दाखवत असेल आणि यादी मात्र पूर्ण असेल, तर तार शोधत बसायचं कारण नाही. डब्यातलं टर्मिनेशन बंद राहिलं असणार.

मात्र 60 आला म्हणजे सगळं ठीक, असं नाही. एखाद्या उपकरणाला पिवळी-हिरवी उलटी जोडली, तरी मीटर 60 च दाखवतो, कारण त्याला फक्त रेझिस्टर दिसतात. ही चूक यादी पकडते: तेवढं एकच उपकरण गायब असतं, आधीची-नंतरची हजर असतात. म्हणून सामन्याआधी मीटर आणि यादी दोन्ही पाहायची, आणि प्रत्येक जोड एकदा बोटांनी ओढून बघायचा.