मोजणीचे कोडे : भाग ४ – एका माणसाचे दोन रकाने

हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात १९२० साली शाहू महाराज आणि बाबासाहेब आंबेडकर एका परिषदेत भेटले. त्या गावात आज एखाद्या बौद्ध घरी जनगणनेचा प्रगणक गेला, असे समजा. २०११च्या फॉर्ममध्ये सातवा प्रश्न धर्माचा होता. घरच्यांनी ‘बौद्ध’ असे सांगितले की काम झाले. आठवा प्रश्न मात्र अनुसूचित जातीचा, आणि त्यात जातीचे नाव सांगायचे. इथे घरचे लोक थबकतात. ज्या जातीतून बाहेर पडण्यासाठी १९५६मध्ये धम्म स्वीकारला, तिचेच नाव परत का घ्यायचे?

हा संकोच मला अगदी रास्त वाटतो. पण दोन्ही रकाने वेगळ्या गोष्टी मोजतात. पहिला श्रद्धा विचारतो, दुसरा राखीव मतदारसंघ आणि सवलतींसाठी लोकसंख्या मोजतो. जातीच्या रकान्यातही ‘बौद्ध’ लिहिले, तर ते नाव अनुसूचित जातींच्या यादीत नसल्याने माणूस त्या मोजणीतून गळतो. उलट, धर्म ‘हिंदू’ आणि जात ‘महार’ असे लिहिले, तर बौद्धांची संख्या घटते. दोन्ही खरी उत्तरे नोंदवायची, तर ‘बौद्ध’ आणि ‘महार’ असे दोन्ही रकाने भरावे लागतात.

१९९०पर्यंत तोही मार्ग बंद होता, कारण कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातींत धरलेच जात नव्हते. त्या वर्षी ते बदलले आणि महाराष्ट्रातील अनुसूचित जातींचे प्रमाण १९८१च्या सुमारे ७ टक्क्यांवरून १९९१मध्ये ११ टक्क्यांवर गेले. दहा वर्षांत एवढी माणसे जन्मली नाहीत. रकान्याचा नियम बदलला आणि आधीचीच माणसे दिसू लागली.

अमेरिकेच्या जनगणनेतही असेच दोन प्रश्न आहेत. ज्यांचे मूळ मेक्सिको, क्युबा, पोर्तो रिको इथले आहे, अशा लोकांना तिथे ‘हिस्पॅनिक’ म्हणतात. त्यांच्यात गोरे, काळे, मूळनिवासी, मिश्र असे सगळेच असतात. म्हणून हे मूळ वेगळे विचारतात आणि वंश वेगळा. १९३०मध्ये ‘मेक्सिकन’ हा वंशच धरला होता. विरोधानंतर तो काढला. १९७०मध्ये नमुन्यातील घरांना मूळ विचारले, तेव्हा ‘मध्य किंवा दक्षिण अमेरिकन’ या पर्यायावर काहींनी अमेरिकेच्याच मध्य आणि दक्षिण भागातले म्हणून खूण केली. १९८०पासून तो प्रश्न सर्वांना आला. तरीही मेक्सिकन कुटुंबातल्या अनेकांना वंशाच्या रकान्यात स्वतःची ओळख सापडत नाही आणि ते ‘इतर कोणता वंश’ निवडतात. एकट्याने किंवा इतर वंशांसोबत केलेली निवड धरली, तर २०२०मध्ये हा पर्याय गोऱ्यांखालोखाल सर्वात मोठा ठरला.

२०२४मध्ये अमेरिकेने दोन्ही प्रश्न एकत्र करायचे ठरवले. एकाहून अधिक खुणा करायची मुभा राहील. आपल्याला तसे करता येत नाही, कारण इथे एका रकान्याची नोंद दुसऱ्यातून काढता येत नाही. त्यामुळे माणगावच्या त्या घरात प्रगणकाने ‘जात कोणती?’ एवढेच विचारून थांबू नये. जातीच्या दाखल्यावर काय नोंद आहे, हे विचारले तर घरच्यांना जुनी ओळख पुन्हा पत्करल्यासारखे वाटणार नाही, आणि नोंदही नेमकी होईल.