मोरीच्या अहवालातलं पाण्याचं पान

गावाकडच्या रस्त्यावर दर अर्ध्या-एक किलोमीटरला एखादी मोरी असते. गाडीतून जाताना ती जाणवतही नाही. भारतीय रस्ते परिषदेच्या व्याख्येप्रमाणे एकूण लांबी सहा मीटर किंवा त्याहून कमी असेल तर ती मोरी आणि त्यापुढे पूल. एवढ्याशा बांधकामाचाही संकल्पन अहवाल असतो. त्यात काँक्रीट, सळई, पायाची खोली या गोष्टींना बरीच पानं मिळतात. पण मोरी किती मोठी असावी हे सगळ्यात आधी ठरतं ते जलविज्ञानाच्या प्रकरणात, आणि ते बहुधा दोन-तीन पानांत उरकलेलं असतं. पाऊस किती धरला, पाणी कुठून येतं असं मानलं आणि किती वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी मोरी बांधायची, या तीन प्रश्नांची उत्तरं तिथे द्यायची असतात. पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावर उभा राहतो.

हे पान कसं वाचायचं हे समजण्यासाठी एक नमुन्याचं उदाहरण घेऊ. दख्खनच्या पठारावरचा एक ओढा आहे. रस्त्याच्या वरच्या अंगाला त्याचं पाणलोट क्षेत्र ६० हेक्टर आहे. सगळ्यात लांबच्या कोपऱ्यापासून रस्त्यापर्यंत प्रवाहाची लांबी दीड किलोमीटर आणि तेवढ्यात जमिनीचा उतार ६० मीटर. अहवालात लिहिलंय, पन्नास वर्षांतून एकदा पडणारा २४ तासांचा पाऊस २०० मिलिमीटर.

हा २०० चा आकडा आला कुठून? जवळच्या पर्जन्यमापकाच्या नोंदीतून प्रत्येक वर्षातला सर्वाधिक एका दिवसाचा पाऊस वेचून काढतात. अशा तीस-चाळीस आकड्यांवर संख्याशास्त्रातलं एक वक्र बसवायचं आणि ते पुढे ताणून पन्नास किंवा शंभर वर्षांचा आकडा वाचायचा. त्यासाठी गुंबेल यांची पद्धत आपल्याकडे सर्रास वापरतात. दुसरा मार्ग म्हणजे केंद्रीय जल आयोग, हवामान खातं आणि रेल्वेची संशोधन संस्था यांनी मिळून देशाच्या वेगवेगळ्या उपविभागांसाठी काढलेले पूर-अंदाजाचे अहवाल. त्यांत २५, ५० आणि १०० वर्षांच्या पावसाचे नकाशे असतात आणि आपल्या जागेचा आकडा थेट वाचता येतो.

दोन्ही मार्गांत खाचा आहेत. साधा पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठला वाचतात. रात्री दोनला सुरू झालेली मुसळधार सकाळी दहाला थांबली, तर एकाच पावसाचे दोन तुकडे होऊन ते दोन वेगळ्या दिवसांच्या खात्यात जमा होतात. अशा ठरावीक वेळेच्या नोंदींवरून २४ तासांचा खरा कमाल पाऊस काढायचा तर आकडा साधारण १.१३ पटीने वाढवायची पद्धत आहे. अहवालात या दुरुस्तीचा उल्लेख नसेल, तर ती केली की राहिली हे विचारायला हवं.

दुसरी खाच अंतराची. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यात, जेमतेम ७४ मिलिमीटर. म्हणून ‘जवळचं केंद्र’ एवढंच लिहून भागत नाही. ते केंद्र किती किलोमीटरवर आहे, डोंगराच्या कुठल्या अंगाला आहे, किती वर्षांची नोंद वापरली आणि मधली किती वर्षं गहाळ आहेत, हे सगळं त्या पानावर असायला हवं. महाराष्ट्रात आता महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित केंद्रं आली आहेत. त्यांच्या नोंदी पन्नास वर्षांचा आकडा काढायला फार अपुऱ्या आहेत, पण पाऊस तासातासाला कसा कोसळतो हे पडताळून पाहायला त्यांचा चांगला उपयोग होतो.

मोरीला दिवसभराच्या पावसाशी फारसं देणंघेणं नसतं. तिचा जीव त्या एका जोरदार सरीत असतो, जिच्यात सगळ्या पाणलोटाचं पाणी एकदम रस्त्याशी पोचतं. सगळ्यात लांबच्या थेंबाला मोरीपर्यंत यायला लागणाऱ्या वेळेला संकेंद्रण काळ म्हणतात. आपल्या ओढ्याची लांबी आणि उतार रस्ते परिषदेच्या सूत्रात घातले की हा वेळ ०.३१ तास, म्हणजे एकोणीस मिनिटं येतो. २४ तासांच्या २०० मिलिमीटरवरून एवढ्या छोट्या वेळेतली पावसाची तीव्रता काढली तर ती ताशी सुमारे १५.९ सेंटीमीटर होते. दिवसभराची सरासरी ताशी एक सेंटीमीटरही भरत नाही. सरासरीवर मोरी बांधली, तर ती पहिल्याच जोरदार सरीत रस्त्यावरून पाणी सोडेल.

आता पाण्याचा हिशेब. एका हेक्टरवर एक सेंटीमीटर पाऊस म्हणजे शंभर घनमीटर पाणी. ते तासाभरात वाहून जायचं असेल तर सेकंदाला साधारण २८ लिटर. सूत्रातला ०.०२८ हा अंक तिथूनच आलेला आहे. साठ हेक्टर आणि ताशी १५.९ सेंटीमीटर धरले तर सेकंदाला जवळजवळ २६.७ घनमीटर पाणी पडतं. पण पडलेलं सगळं वाहत नाही. काही जमिनीत मुरतं, काही खाचखळग्यांत साचतं. वाहणारा हिस्सा म्हणजे अपधाव गुणांक. रस्ते परिषदेच्या तक्त्यात उघड्या कातळाच्या तीव्र उताराला ०.९० आहे, विरळ झाडोऱ्याच्या चिकणमातीला ०.५०, त्याच उघड्या आणि घट्ट चिकणमातीला ०.६०, तर दाट झुडपांच्या वाळूमातीला ०.१०. आपल्या अहवालात ०.५० धरलाय. म्हणजे मोरीशी येणारा पूर सेकंदाला १३.३ घनमीटर.

मोरीतून पाणी सेकंदाला अडीच मीटर वेगाने जाईल असं धरलं तर सव्वापाच चौरस मीटर वाट हवी. तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच पेटी मोरी सहा चौरस मीटर देते. काम झालं. पण गुणांक ०.५० च्या जागी ०.६० धरला तर? पूर १६ घनमीटरवर जातो आणि वाट ६.४ चौरस मीटर लागते. तीच पेटी आता पुरत नाही. तक्त्यातल्या शेजारच्या ओळीत बोट सरकलं एवढाच फरक. ओढ्याकाठची माती पावसाळ्यात झाकलेली असते की उघडी, हे शेत न पाहता टेबलावर बसून कुणालाच ठरवता येत नाही.

तसंच ६० हेक्टरचं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पन्नास हजारांच्या नकाशावर एवढं क्षेत्र जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं. त्याच्याभोवती पाणलोटाची रेघ आखताना पेन्सिल सगळीकडे एक मिलिमीटर बाहेर गेली तर क्षेत्र पाऊणशे हेक्टरवर जातं आणि पूरही तेवढाच वाढतो. शिवाय नकाशावर नसलेल्या गोष्टी असतात. वरच्या अंगाला कालवा झाला असेल तर तो ओढ्याचं पाणी दुसरीकडे नेतो, किंवा दुसरीकडचं इथे आणून टाकतो. जुन्या रस्त्याचा भराव पाणी अडवून शेजारच्या मोरीकडे वळवतो. ज्या अहवालात ‘क्षेत्र नकाशावरून मोजले’ एवढंच आहे आणि कुणी ओढ्याने वर चालत गेल्याचा मागमूस नाही, त्यातल्या ६० वर फार विसंबता येत नाही.

पाणलोट बदलतोही. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात लोकांचे जीव गेले. कात्रजच्या डोंगराकडून येणारा हा ओढा भर वस्तीतून जातो. त्याच्या काठची माती आता बरीचशी छपरांखाली आणि काँक्रीटखाली आहे, आणि पात्र ठिकठिकाणी आवळलं गेलंय. वस्ती नसताना ०.४ ठीक असलेला गुणांक तिथे आज लागू पडणार नाही. मुंबईचा अनुभवही हाच आहे. तिथली जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि निम्मं पाणी मुरेल या गृहीतावर होती. पुढे ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात ताशी ५० मिलिमीटर आणि सगळंच पाणी वाहील असं धरलं गेलं. म्हणजे वाहून न्यायचं पाणी दुप्पट नव्हे, चौपट. मोरी पन्नास वर्षं टिकणार असेल तर पन्नास वर्षांनंतरच्या पाणलोटाचा विचार आजच लिहून ठेवायला हवा, निदान विकास आराखड्यात तिथे काय दाखवलंय एवढा तरी.

उरतो तिसरा प्रश्न, पुनरावृत्ती काळाचा. लोकांच्या मनात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. पन्नास वर्षांचा पूर म्हणजे एकदा येऊन गेला की पुढची एकोणपन्नास वर्षं निवांत, असा अर्थ नाही. दर वर्षी तो येण्याची शक्यता पन्नासात एक, म्हणजे दोन टक्के. यंदा आला तरी पुढच्या वर्षी पुन्हा दोन टक्केच. मोरीच्या पन्नास वर्षांच्या आयुष्यात तो निदान एकदा येण्याची शक्यता ६४ टक्के आहे. पंचवीस वर्षांचा पूर धरला तर ती ८७ टक्क्यांवर जाते, शंभर वर्षांचा धरला तर ३९ टक्क्यांपर्यंत उतरते. शून्य कधीच होत नाही. म्हणूनच ‘५० वर्षांसाठी संकल्पित’ या ओळीच्या पुढे आणखी एक ओळ हवी: त्याहून मोठं पाणी आलं तर काय होईल. पाणी भरावावरून कुठे उतरेल? तिथे दगडी अस्तर आहे की सैल माती? वरच्या अंगाला फुगलेलं पाणी कुणाच्या घरात शिरेल? गावाला दवाखान्याकडे जाणारा तो एकच रस्ता असेल तर खर्च वाढवून शंभर वर्षांचा पूर धरणं योग्य ठरेल. शेताकडे जाणाऱ्या पाणंदीला, जिथे दोन तास वाट पाहिली तरी चालतं, पंचवीस पुरे.

एवढं झाल्यावर एक पडताळणी राहते, आणि ती नेहमी जागेवर होते. ओढ्याच्या काठावर, जुन्या झाडांच्या बुंध्यांवर, देवळाच्या पायऱ्यांवर पुराच्या खुणा असतात. काठावरची जुनी माणसं पाणी कुठवर आलं होतं ते बोट ठेवून दाखवतात. त्या खुणेपाशी ओढ्याचा छेद मोजून आणि उतारावरून वेग काढून वेगळ्या वाटेने पूर काढता येतो. आपल्या ओढ्यात तो ११ घनमीटर आला असं धरू. पावसावरून काढलेला १३.३ आहे. परिषदेचा नियम असा की यातला मोठा घ्यायचा, पण तो दुसऱ्याच्या दीडपटीपेक्षा जास्त असेल तर दीडपटीवरच थांबायचं. इथे अकराची दीडपट साडेसोळा होते, म्हणून १३.३ तसाच राहतो. ०.६० गुणांकाचे १६ घनमीटरही याच मर्यादेत बसतात, हे लक्षात घेतलं तर थोडी मोठी पेटी निवडायला मजबूत कारण मिळतं.

दोन आकड्यांत तीनपट फरक पडला तर मात्र कुठला नियम लावायचा हे बघत बसण्याआधी चूक शोधावी. बहुधा पाणलोटाची सीमा चुकलेली असते, किंवा ती खूण ओढ्याच्या पुराची नसून पुढच्या नदीच्या फुगवट्याची असते. पुन्हा जागेवर जाऊन खुणेच्या खालच्या आणि वरच्या अंगाला पाण्याची पातळी तपासली की ते कळतं: फुगवटा असेल तर बऱ्याच लांबीपर्यंत खुणा जवळजवळ एका पातळीत मिळतात, आणि ओढ्याचाच पूर असेल तर त्या पात्राच्या उताराबरोबर खाली उतरत जातात.