यमकाचं पाणी कुठं मुरतं?

मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येतं. त्यामुळे नवशिक्याच्या कवितेत ओळीमागून ओळ ‘-तो’, ‘-ते’, ‘-ला’, ‘-ली’वर संपते आणि यमक आपोआप जुळल्यासारखं वाटतं. विभक्तीचंही तेच. ‘घरात’, ‘मनात’, ‘गावात’, ‘डोळ्यांत’ ही यादी संपतच नाही, कारण हव्या त्या नामाला ‘-त’ लावता येतो.

उदाहरणासाठी एक द्विपदी रचू:

ढग उतरले थेट घरात,
सय तुझी दाटली मनात.

इथं कानाला जुळतं ते ‘आत’. पण ‘घर’चं सामान्यरूप ‘घरा’, ‘मन’चं ‘मना’, आणि पुढं प्रत्यय ‘त’. म्हणजे जुळलेला तो ‘आ’सुद्धा व्याकरणानंच पुरवलेला. प्रत्यय काढून पाहा: ‘घर’ आणि ‘मन’ यांत र आणि न जुळत नाहीत. यमक तपासायची सोपी रीत हीच. शेपूट कापा आणि उरलेले शब्द मोठ्यानं म्हणा.

आता पहिली ओळ तशीच ठेवू आणि ‘-रात’ हा ध्वनी धरून वर्णमालेतून एक फेरी मारू: करात, दरात, परात, वरात, स्वरात. यातली ‘परात’ आणि ‘वरात’ ही मूळचीच नामं आहेत; त्यांतला ‘त’ प्रत्ययाचा नाही. परात घेतली तर:

ढग उतरले थेट घरात,
थेंब मोजी रिती परात.

आता ‘र’पासूनचा सगळा ध्वनी जुळतो. एका बाजूला विभक्तीचं रूप, दुसऱ्या बाजूला अख्खं नाम, म्हणून कानाला थोडी गंमतही वाटते. शिवाय अर्थ बदलला. कुठल्याही कवितेत खपणारी ‘सय’ गेली आणि गळकं छप्पर दिसू लागलं.

क्रियापदांनाही हीच कसोटी. ‘फिरतो–म्हणतो’मधून ‘तो’ काढला तर ‘फिर’ आणि ‘म्हण’ उरतात. काहीच जुळत नाही. ‘हसतो–बसतो’मध्ये मात्र ‘हस’ आणि ‘बस’ जुळतात, म्हणून ते यमक चालतं. तसा जोड सापडेना, तर क्रियापद ओळीच्या पोटात घ्या. ‘रानोमाळ मी एकटा फिरतो’ऐवजी ‘एकटा फिरतो मी रानोमाळ’ म्हटलं, की आभाळ, सकाळ, ओढाळ असे शब्द हाताशी येतात.

गझल लिहिणाऱ्यांना हा दोष ओळखीचा आहे. उर्दू काव्यशास्त्रात त्याला ‘ईता’ म्हणतात. मतल्यातच ‘घरात–स्वरात’ बांधलं, तर काफियाचा भार ‘घर–स्वर’ या मूळ शब्दांवर पडतो आणि ‘आत’ नुसता मागं येत राहतो.

दुसरं टोकही आहे. वामन पंडितांना ‘यमक्या वामन’ हे नाव पडलं, आणि मोरोपंतांवरही यमकापायी अर्थ क्लिष्ट केल्याची टीका झाली. म्हणून परातीसाठी छप्पर गळायला लावताना ते त्या कवितेत गळायला हवं का, हे आधी ठरवावं. नको असेल, तर ‘मनात’ परवडलं.