एक कोयता, तीन मापं

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला निघतात. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते आणि पुढचे पाच-सहा महिने ऊस तोडून ती फेडायची असते. अशाच एका कोयत्याचं घर हिशेबापुरतं डोळ्यांसमोर आणू. नवरा, बायको, बारा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि म्हातारी सासू, अशी पाच माणसं. हे घर गरीब आहे का?

उत्तर कुठल्या मापाने मोजता यावर अवलंबून आहे. समाजशास्त्रज्ञ निरपेक्ष गरिबी आणि सापेक्ष गरिबी असा फरक करतात. जगायला किमान जे लागतं तेच नसणं, ही निरपेक्ष गरिबी. भोवतालचे लोक ज्या रीतीने जगतात त्या रीतीने जगायला न परवडणं, ही सापेक्ष गरिबी.

पहिलं माप आपल्याकडचंच आहे. १९७१ मध्ये पुण्याचे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी ‘भारतातील दारिद्र्य’ या अभ्यासात प्रश्न असा मांडला: माणसाला दिवसाला २२५० उष्मांक मिळतील एवढं अन्न ज्या खर्चाच्या पातळीवरच्या घरांत पोचतं, ती पातळी किती? तिच्याखालचे ते गरीब. पुढे सरकारी दारिद्र्यरेषा याच वाटेने आखली गेली. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने उष्मांकांचा थेट आधार सोडला आणि शिक्षण, आरोग्य यांवरचा खर्चही हिशेबात घेतला. या पद्धतीने २०११-१२ साली देशाच्या ग्रामीण भागासाठी रेषा आली माणशी महिना ८१६ रुपये. पाच माणसांच्या घराला ४०८० रुपये.

समजा, त्या वर्षी आपल्या कोयत्याचा घरखर्च महिना ३८०० रुपये होता. म्हणजे घर रेषेखाली, गरीब. आता समजा, त्याच वर्षी सासूला दवाखान्यात ठेवावं लागलं आणि १२ हजार रुपये गेले. ते मुकादमाकडून वाढीव उचल घेऊन भागवले. पाहणीत दवाखान्याचा वर्षभराचा खर्च विचारून तो बारा महिन्यांवर वाटतात. म्हणजे महिना हजार रुपये वाढले. खर्च झाला ४८०० आणि घर रेषेच्या वर गेलं. आजारपण आलं, कर्ज चढलं, पुढच्या हंगामाची मजुरी आधीच गहाण पडली, आणि कागदावर घर गरिबीतून बाहेर आलं.

याचं कारण असं की ही रेषा मिळकत मोजत नाही, खर्च मोजते. त्यामागे विचार आहे. मजुराची मिळकत हंगामाप्रमाणे वर-खाली होते, खर्च त्या मानाने स्थिर असतो आणि लोक तो जास्त नीट सांगू शकतात. पण खर्चाचा पैसा कमाईचा की कर्जाचा, हे रेषेला दिसत नाही.

दुसरं माप पैशाला बाजूला ठेवतं आणि विचारतं, या घरात काय नाही? हा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक. नीती आयोगाच्या निर्देशांकात आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान असे तीन भाग आहेत आणि तिन्हींचं वजन सारखं. शिक्षणात दोनच निकष आहेत. शाळेत जाण्याच्या वयाचं मूल शाळेबाहेर असेल तर एकदम १६.७ गुण चढतात. राहणीमानात सात निकष आहेत: सरपण, शौचालय, पाणी, वीज, घर, वस्तू, बँक खातं. त्यातल्या प्रत्येक उणिवेला ४.८ गुण. शंभरपैकी साधारण ३३.३ गुण भरले की घर गरीब.

आपल्या घराची बारा वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळायला फडावर जाते आणि तिची शाळा सुटली आहे. १६.७ गुण तिथेच लागले. पाहणी करणारा गावी गेला तर त्याला पक्कं घर, वीज, शौचालय, पिण्याचं पाणी, बँक खातं, मोबाइल सगळं दिसतं. फक्त गॅस परवडत नाही म्हणून चूल पेटते. एकूण गुण २१ च्या आसपास. घर गरीब नाही. तोच माणूस जानेवारीत फडावर गेला, तर हेच कुटुंब पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या कोपीत राहताना दिसेल. तिथे वीज नाही, शौचालय नाही, चूल मात्र आहेच. मुलीच्या शाळेचे १६.७ आणि या चार उणिवांचे १९, मिळून जवळपास ३६. घर गरीब. माणसं तीच, वर्ष तेच. फक्त भेटीचा महिना बदलला.

या निर्देशांकानुसार देशातल्या गरिबांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये २४.८५ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्क्यांवर आलं. मात्र स्थलांतर करणाऱ्या घराच्या बाबतीत हे माप त्याच्या कुठल्या पत्त्यावर लावलं, याला फार महत्त्व आहे.

तिसरं माप सापेक्ष. युरोपात मधल्या कुटुंबाच्या मिळकतीच्या ६० टक्क्यांखाली असणाऱ्याला गरिबीच्या धोक्यातला मानतात. आपल्याकडे हे जसंच्या तसं चालत नाही. १९७२ सारखा दुष्काळ पडला आणि सगळ्यांचीच मिळकत अर्धी झाली, तर रेषाही अर्ध्यावर उतरेल आणि गरिबांचा आकडा हलणारच नाही. उपाशी देशात हे माप एकटं वापरता येत नाही.

पण सापेक्ष गरिबी मोजण्याची आणखी एक रीत आहे, आणि ती आपल्याला जास्त उपयोगी आहे. १९७९ मध्ये ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी समाजात वावरायला लागणाऱ्या गोष्टींची यादी केली आणि त्या कुणाकडे नाहीत ते पाहिलं. त्यावर आक्षेप आला की ही यादी तज्ज्ञाने का ठरवावी? म्हणून पुढच्या अभ्यासकांनी लोकांनाच विचारलं की कुठल्या गोष्टी प्रत्येकाकडे असायलाच हव्यात. अर्ध्याहून जास्त लोक ‘हवीच’ म्हणाले, ती गोष्ट यादीत. मग घरोघरी विचारायचं: ही तुमच्याकडे नाही ती नको म्हणून, की परवडत नाही म्हणून?

मराठवाड्यातल्या गावात हा प्रश्न विचारला तर यादीत काय येईल? पाहुण्याला चहा, दिवाळीला पोरांना नवे कपडे, लेकीला माहेरपणाला आणून साडीचोळी, शाळेची सहल. यातलं काही नसलं म्हणून कुणी मरत नाही. पण ते नसेल तर माणूस लोकांत मिसळणं हळूहळू सोडतो. अडचण अशी की वर्षानुवर्षं न मिळालेल्या गोष्टीची माणूस आशाही सोडतो. सहलीचं विचारलं तर फडावरची मुलगी ‘नको’ म्हणेल, आणि ते उत्तर ‘परवडत नाही’ या रकान्यात येणारच नाही.

दोन्ही बाजू जुळवल्या त्या अमर्त्य सेन यांनी, १९८३ मध्ये. त्यांनी आधार घेतला ॲडम स्मिथचा. १७७६ मध्ये स्मिथने लिहिलं होतं की त्याच्या काळात लिननचा सदरा नसलेल्या मजुराला चारचौघांत जायची लाज वाटेल. सेन यांचं म्हणणं असं: लाज न वाटता लोकांत जाता येणं ही गरज सगळीकडे सारखीच, म्हणजे निरपेक्ष आहे. त्यासाठी कुठल्या वस्तू लागतात, हे मात्र काळाप्रमाणे आणि गावाप्रमाणे बदलतं, म्हणजे सापेक्ष आहे. आपल्या मुलीची शिकण्याची गरज शंभर वर्षांपूर्वीच्या मुलीइतकीच आहे. ती भागवायला आज तिला हंगामभर गावात राहण्याची सोय लागते.

म्हणून पाहणी करणाऱ्याने या घरात तीन प्रश्न जास्तीचे विचारावेत. खर्चाचा पैसा उचलीतून आला का? जानेवारीत तुम्ही कुठे होता? आणि तिसरा प्रश्न आईला नव्हे, मुलीला, एकटीला: शाळा सुटली नसती तर आज तू कितवीत असतीस? तिला वर्ग लगेच सांगता आला, तर तिची आशा अजून सुटलेली नाही. नुसती मान हलली, तर तेही उत्तर लिहून घ्यावं.