किती पॉइंट द्यायचे?

समजा, एका बॅडमिंटन क्लबात ताई आणि काका खेळतात. ताई कधीकाळी जिल्ह्यापर्यंत खेळलेली आहे, तर काका संध्याकाळी घाम गाळायला येतात. दोघांमधल्या दर दहा रॅलींपैकी सहा ताई जिंकते आणि चार काका. हा फरक ऐकायला काही मोठा वाटत नाही. पण २१ पॉइंटांचा गेम लावला, की दहांतले जवळपास नऊ गेम ताईच्या खात्यात जातात. तीन गेमांचा सामना ठेवला तर काकांना शंभरात जेमतेम तीन सामने मिळतात. ताई दहांपैकी सात रॅली जिंकणारी असती, तर काकांना हजार गेमांत तीन मिळाले असते.

याचं कारण मोजणीच्या पद्धतीत आहे. एकेका रॅलीतला थोडासा वरचढपणा चाळीस-चाळीस रॅलींच्या गेममध्ये साचत जातो. खेळ जितका लांब, तितका नशिबाचा वाटा कमी होत जातो. अजिंक्यपद ठरवायचं असेल तर हे योग्यच आहे. क्लबाच्या वार्षिक स्पर्धेत मात्र दोन-तीन वर्षं तीच चार नावं उपांत्य फेरीत दिसली, की बाकीचे नाव द्यायचंच सोडतात. यावरचा जुना उपाय म्हणजे हँडिकॅप, म्हणजे पॉइंट देऊन खेळणं. दुबळ्या खेळाडूचा गेम शून्यावरून सुरू न होता पाच, आठ किंवा अकरावरून सुरू होतो. हे लहान मुलाला लिंबूटिंबू म्हणून खेळात घेण्यासारखं नाही. इथे जिंकणं आणि हरणं दोन्ही खरं धरलं जातं, म्हणून किती पॉइंट द्यायचे हा आकडा नीट काढावा लागतो.

हा आकडा बहुतेक क्लबांत अंदाजाने ठरतो. "त्याला सात देऊ, जमेल," असं कोणीतरी म्हणतं आणि तेच पुढे चालतं. अंदाज मोजून घ्यायचा असेल तर पहिली गोष्ट ही, की कोण किती वेळा जिंकलं ते बघायचं नाही, किती पॉइंट झाले ते बघायचं. ताईने काकांना पाच गेममध्ये पाच वेळा हरवलं, एवढ्यावरून ती थोडी वरचढ आहे की खूप, हे कळत नाही. काकांचे सरासरी १४ पॉइंट होतात हे कळलं, की चित्र स्पष्ट होतं. ताईचे २१ होईपर्यंत काका १४ करतात, म्हणजे काकांच्या दर दोन पॉइंटांमागे ताईचे तीन. मग काकांना ७ पॉइंट द्यायचे. ताईला २१ मिळवायचे आहेत आणि काकांना १४, म्हणजे ज्या प्रमाणात ते एरवी पॉइंट मिळवतात, नेमक्या त्याच प्रमाणात. हिशोब केला तर अशा गेममध्ये ताई शंभरात ४८-४९ वेळा जिंकते. याहून बरोबरीचा सामना मिळणं अवघड.

हा सोपा हिशोब जमतो, कारण २००६पासून बॅडमिंटनमध्ये प्रत्येक रॅलीला पॉइंट मिळतो. त्याआधी सर्व्हिस करणाऱ्यालाच पॉइंट मिळे. त्या काळातले १५च्या गेमचे आकडे एखाद्या जुन्या क्लबाच्या वहीत असतील, तर ते आज जसेच्या तसे लावू नयेत.

आता तिसरा खेळाडू घेऊ. क्लबात नुकताच आलेला एक मुलगा काकांशी खेळतो आणि काका त्याला २१-१४ने हरवतात. ताईने काकांना ७ द्यायचे आणि काकांनी नवख्याला ७ द्यायचे, तर ताईने नवख्याला किती द्यायचे? सात अधिक सात, चौदा, असं उत्तर पटकन तोंडावर येतं आणि अनेक क्लबांचे तक्ते अशाच बेरजेवर बेतलेले असतात. पण ते चुकतं. प्रमाणांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. ताई आणि काका तीनास दोन, काका आणि नवखा तीनास दोन, म्हणून ताई आणि नवखा नवास चार. ताईचे २१ होईपर्यंत नवख्याचे सव्वानऊच्या आसपास होतात. म्हणजे त्याला ११ किंवा १२ पॉइंट पुरेत. चौदा दिले तर ताई शंभरात २२-२३ वेळाच जिंकेल आणि "हँडिकॅपमध्ये चांगल्या खेळाडूचं मरण आहे" ही तक्रार सुरू होईल. ती तक्रार रास्तच असते. बुद्धिबळातलं एलो मानांकनही याच गुणाकाराच्या तत्त्वावर उभं आहे.

हा गुणाकार प्रत्येक वेळी करत बसायला नको, म्हणून पायऱ्या आखाव्यात. एक पायरी म्हणजे दुसऱ्याच्या दर पाच पॉइंटांमागे आपले सहा. समोरच्याचे २१ होईपर्यंत एखाद्याचे सरासरी १७-१८ होत असतील तर तो एक पायरी खाली आहे. साडेचौदा होत असतील तर दोन, बारा तर तीन, दहा तर चार, साडेआठच्या आसपास तर पाच आणि सात तर सहा. द्यायचे पॉइंट त्याच क्रमाने ३, ६, ८, १०, १२ आणि १३. पायऱ्या सारख्या असल्या तरी पॉइंटांमधली वाढ कमी होत जाते, ती त्या गुणाकारामुळे. हे आकडे मुद्दाम खालच्या पूर्णांकात घेतले आहेत. त्यामुळे वरच्या खेळाडूला शंभरात ५२ ते ६० गेम मिळतात. चांगलं खेळण्याला एवढा मान असायला हरकत नाही.

ताईला १० हा आकडा दिला, तर २१-१४चं अंतर सव्वादोन पायऱ्यांचं असल्याने काका पावणेआठवर येतात आणि नवखा साडेपाचवर. ताई आणि नवखा यांच्यात साडेचार पायऱ्या, म्हणजे तक्त्यातल्या १० आणि १२च्या मधले ११ पॉइंट. वहीत प्रत्येकाचा एकच आकडा राहतो आणि कोणत्याही दोघांची जोडी लावता येते.

यातली कच्ची बाजू म्हणजे सुरुवातीचं मोजमाप. तीन गेम खेळवले तर शंभरेक रॅली होतात. तेवढ्यावरून साठ टक्के दिसलेला खेळाडू खरा ५५चाही असू शकतो आणि ६५चाही. पॉइंटांच्या भाषेत सांगायचं तर ७ द्यायचे की ४ की ९, हे तीन गेमांवरून नक्की सांगता येत नाही. म्हणून पहिला आकडा कच्चा धरावा आणि तो सुधारण्याची सोय नियमातच ठेवावी. प्रत्येक हँडिकॅप गेमनंतर जिंकणाऱ्याचा आकडा पाव पायरीने वाढतो आणि हरणाऱ्याचा पावने उतरतो. नवख्याने ११ घेऊन ताईला हरवलं, तर तो पावणेसहावर जातो, ताई पावणेदहावर येते, अंतर चार पायऱ्यांचं उरतं आणि पुढच्या वेळी त्याला १० पॉइंट मिळतात. कोणाला जास्त पॉइंट मिळत असतील तर तो जास्त जिंकतो आणि जिंकल्यामुळेच त्याचे पॉइंट कमी होतात. पूर्ण पायरीची उडी ठेवली तर एका चांगल्या-वाईट संध्याकाळीवर आकडे नाचू लागतात. नव्याने आलेले खेळाडू भराभर सुधारतात, म्हणून त्यांच्यासाठी पहिल्या काही गेमांना अर्धी पायरी ठेवावी.

खेळण्याचे नियमही थोडे बदलावे लागतात. २०-२० झाल्यावर दोन पॉइंटांच्या आघाडीपर्यंत गेम लांबवायचा नाही. बॅडमिंटनच्या अधिकृत नियमावलीत हँडिकॅप सामन्यांसाठी परिशिष्ट आहे, तेही हेच सांगतं. कारण उघड आहे. २०-२०वर मुळातली ताकद पुन्हा समोरासमोर येते. एक पॉइंट उरला तर ताईला शंभरात ६० वेळा जिंकण्याची संधी आहे, दोनच्या आघाडीपर्यंत लांबवलं तर जवळपास ७०. दिलेल्या पॉइंटांचा हिशोब तिथे बिघडतो.

मुद्दाम हरून आकडा खाली आणायचा आणि वार्षिक स्पर्धेत जास्तीचे पॉइंट घेऊन कप न्यायचा, हा हँडिकॅपइतकाच जुना डाव आहे. गोल्फवाल्यांनी यावर बराच विचार केला आहे. २०२०पासून जगभर लागू झालेल्या त्यांच्या पद्धतीत शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या उत्तम आठच धरतात, त्यामुळे मुद्दाम वाईट खेळलेल्या फेऱ्या बहुधा गळून पडतात. शिवाय वर्षभरातल्या सर्वांत चांगल्या आकड्यापासून एका मर्यादेपलीकडे कोणाला घसरू दिलं जात नाही. दुसरा नियम क्लबात सहज लावता येतो: वर्षातल्या आपल्या वरच्या आकड्यापेक्षा कोणीही एका पायरीहून खाली जाणार नाही. दुखापत झाली असेल तर समितीने वेगळा निर्णय घ्यावा.

पद्धत नीट चालली आहे का, हे वही सांगते. चाळीस हँडिकॅप गेममध्ये वरच्या खेळाडूने किती जिंकले ते मोजावं. सोळा ते सव्वीसपर्यंत काहीही आलं तर गप्प बसावं, तो नशिबाचा खेळ आहे. तीसच्या आसपास आलं तर दिलेले पॉइंट कमी पडताहेत, बारा आलं तर जास्त होताहेत. ही मोजणी कमी अंतराच्या आणि जास्त अंतराच्या जोड्यांसाठी वेगवेगळी करावी. बेरजेचा तक्ता वापरणाऱ्या क्लबात गडबड जास्त अंतराच्या जोड्यांतच सापडते.

सहा पायऱ्यांपुढे मात्र ही पद्धत लावू नये. समोरच्याला १७ पॉइंट दिले तर त्याला फक्त चार हवे असतात. दोन शटल नेटला लागून पडली आणि ताईच्या दोन सर्व्हिस चुकल्या, की गेम संपतो आणि कोणी काही खेळलं असं म्हणता येत नाही. पॉइंट मोठे होऊ लागले की एक उपाय करता येतो. सगळे पॉइंट एकाला न देता काही दुसऱ्याच्या माथी उणे लावायचे. ताईने उणे ३वरून आणि काकांनी ५वरून सुरुवात केली, तर तिला २४ हवेत आणि त्यांना १६. प्रमाण तेच तीनास दोन, पण रॅली जास्त खेळायला मिळतात.

दुहेरीत जोडीच्या आकड्यांची सरासरी घ्यायची पद्धत आहे. पण एका जोडीत एक पट्टीचा आणि एक कच्चा असेल, तर समोरचे प्रत्येक शटल कच्च्याकडेच मारतात आणि जोडी सरासरीपेक्षा कमी खेळते. अशा विषम जोडीला सरासरीहून अर्धी पायरी खाली धरून सुरुवात करावी आणि पुढचं काम पाव पायरीच्या नियमावर सोपवावं.

आणि खुली स्पर्धा बंद करू नये. क्लबात सर्वांत चांगलं कोण खेळतं, हे शून्यापासून सुरू होणारा गेमच सांगू शकतो. हँडिकॅपचा कप त्याला मिळतो, जो त्या दिवशी आपल्या नेहमीच्या खेळापेक्षा चांगलं खेळला. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, म्हणून कपही दोन हवेत.