ढगपेरणी: शेनेक्टडी ते सोलापूर

ढगपेरणीची सुरुवात प्रयोगशाळेतल्या एका शीतपेटीत झाली. 1946 च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील शेनेक्टडी येथे व्हिन्सेंट शेफर अशा पेटीत उच्छ्वास सोडून त्याचे धुके पाहत होते. तापमान शून्याखाली असूनही त्या धुक्यातले थेंब गोठत नव्हते. पेटी आणखी गार करण्यासाठी त्यांनी शुष्क बर्फाचा तुकडा आत टाकला आणि धुक्याच्या जागी लखलखणारे हिमकण दिसू लागले. त्याच वर्षी 13 नोव्हेंबरला शेफर यांनी विमानातून एका ढगावर शुष्क बर्फ टाकला. ढगातून हिम खाली झरू लागले, पण ते जमिनीवर पोचण्याआधीच हवेत विरून गेले. लगेचच बर्नार्ड व्होनेगट यांनी याच कामासाठी बर्फाच्या स्फटिकाशी मिळतीजुळती रचना असलेले सिल्व्हर आयोडाइड शोधून काढले.

या दोन्ही प्रयोगांत पाणी आधीपासूनच होते, पेटीत धुक्याच्या रूपात आणि आकाशात ढगाच्या रूपात. ते थेंब फक्त लहान होते. ढगातला थेंब साधारण 20 मायक्रॉन व्यासाचा असतो आणि हवेच्या हलक्या प्रवाहावरही तरंगत राहतो. पावसाचा थेंब 2 मिलिमीटरचा असतो, म्हणजे असे 10 लाख थेंब एकत्र आल्यावर त्यातला एक तयार होतो. पेरणी या एकत्र येण्याला मदत करते.

महाराष्ट्रातले पावसाळी ढग बरेचदा शून्य अंशाच्या पातळीखालीच राहतात, त्यामुळे तिथे बर्फाचा मार्ग चालत नाही. अशा उष्ण ढगात मीठ वापरतात. मिठाचा कण ओलावा ओढून मोठा थेंब होतो, जड झाल्याने वेगाने खाली येतो आणि वाटेतल्या लहान थेंबांना आपल्यात सामावून घेतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने हा प्रयोग बारामतीच्या परिसरात 1973 ते 1986 या काळात 11 पावसाळे केला. त्याची आखणी काळजीपूर्वक होती. शेजारशेजारची दोन क्षेत्रे निवडली, मध्ये मोकळा पट्टा ठेवला आणि कोणत्या दिवशी कोणत्या क्षेत्रात पेरायचे हे यदृच्छेने ठरवले. कारण पेरणीनंतर पडलेला पाऊस पेरणीमुळेच पडला, असे एका ढगाकडे पाहून कधीच सांगता येत नाही. तो ढग कदाचित एरवीही बरसला असता. अखेर पेरलेल्या क्षेत्रात सुमारे 24 टक्के जास्त पाऊस आढळला.

याच प्रयोगात एक बाब दिसली, तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. किमान 1 किलोमीटर जाडीच्या आणि घनमीटरमागे निदान अर्धा ग्रॅम पाणी असलेल्या ढगांना पेरणी मानवली. त्याहून पातळ ढग पेरणीनंतर विरण्याकडेच झुकले.

पुढे 2018 आणि 2019 मध्ये त्याच संस्थेने सोलापूरच्या पर्जन्यछायेच्या भागात 276 ढगांचा अभ्यास केला. या वेळी ढगाच्या तळाशी, वर चढणाऱ्या हवेत, कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या पेटवल्या जात. काही ठिकाणी पाऊस 46 टक्क्यांपर्यंत वाढलेला दिसला, पण वाऱ्याच्या दिशेच्या 100 चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी वाढ सुमारे 18 टक्के होती. हा दुसरा आकडाच शेताच्या हिशेबाचा. जिथे 10 मिलिमीटर पडला असता तिथे 12 च्या आत पडतो, आणि जिथे शून्य पडणार होता तिथे 18 टक्के वाढ शून्यच राहते.

निरभ्र आकाशात मीठ उधळले तर काय होईल, याचे उत्तर स्वयंपाकघरातही मिळते. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, उन्हाळ्यात सुटत नाही. साधे मीठ विरघळू लागायला हवेची आर्द्रता सुमारे 75 टक्के लागते. धूळ, धूर, समुद्राचे मीठ असे बीजकण हवेत नेहमीच भरपूर असतात, उणीव असते ती हवा गार होण्याची. 35 अंश तापमानाची, 15 टक्के आर्द्रतेची हवा जवळपास पावणेचार किलोमीटर वर गेली, तरच तिच्यात पहिला ढग धरतो. 1 चौरस किलोमीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 लाख लिटर पाणी. इतकी वाफ पाणी होताना सुमारे 7 लाख युनिट विजेएवढी उष्णता बाहेर पडते, आणि ती पडत असतानाही हवा गार होत राहावी लागते. मोसमी वारे आणि सह्याद्रीचा चढ हे काम करतात. विमानातली काही किलो भुकटी हवा वर उचलू शकत नाही.

28 ऑक्टोबर 2025 रोजी दिल्लीवर याचा प्रत्यय आला. प्रदूषण धुऊन निघावे म्हणून आयआयटी कानपूरच्या चमूने विमानातून पेरणी केली, पण ढगांतला ओलावा 15 ते 20 टक्केच असल्याचे संस्थेनेच सांगितले. शहरावर नोंद घेण्याजोगा पाऊस पडला नाही.